गोळीचं दुसरं काम

1957 साली अमेरिकेत ‘एनोव्हिड’ नावाच्या गोळीला सरकारी परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधनाचा उल्लेख होता, पण इशाऱ्याच्या रूपात: ही गोळी चालू असताना स्त्रीबीज तयार होत नाही. इशाऱ्याचा अर्थ बायकांनी बरोबर ओळखला. पुढच्या दोन वर्षांत सुमारे पाच लाख अमेरिकन स्त्रिया ‘पाळीच्या तक्रारी’ सांगून ही गोळी घेऊ लागल्या होत्या. गर्भनिरोधक म्हणून तिला रीतसर मान्यता मिळाली ती 1960 मध्ये.

त्यानंतर मात्र गोळीची ओळख एकाच कामापुरती उरली. आपल्याकडे तर ‘माला-डी’ म्हटलं की कुटुंब नियोजनाची जाहिरातच डोळ्यांसमोर येते. डॉक्टरांनी अविवाहित मुलीला ही गोळी लिहून दिली तर घरात कुजबुज सुरू होते. ती कशासाठी दिली असेल, हे कळायला गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहावं लागतं.

नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरकं असतात. ती बाहेरून मिळत राहिली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला स्त्रीबीज पिकवण्याचा आदेश देत नाही. अंडाशय विश्रांती घेतं. गोळीचे बरेचसे फायदे या विश्रांतीतून येतात, आणि त्यातला सर्वांत मोठा फायदा संशोधकांच्या लक्षात आला तो गोळी बाजारात आल्यावर बऱ्याच वर्षांनी.

इजिप्तमधले स्त्रीरोगतज्ज्ञ महमूद फथल्ला यांनी 1971 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक कल्पना मांडली. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि पुन्हा भरून येतो. हे वर्षानुवर्षं अखंड चालू राहिलं तर भरून येण्याच्या या कामात पेशींच्या वाढीत कधीतरी चूक होण्याची शक्यता वाढते. सात-आठ बाळंतपणं आणि प्रत्येक मुलाला दोन-अडीच वर्षं अंगावर पाजणं असं आयुष्य गेलेल्या पणजीच्या अंडाशयाला मोठमोठ्या सुट्ट्या मिळत. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या आणि एक-दोन मुलं असलेल्या आजच्या स्त्रीच्या आयुष्यात मात्र स्त्रीबीज चारशेच्या आसपास वेळा बाहेर पडतं. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांनाही अंडाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो, ही गोष्टही या कल्पनेला पूरकच आहे. अलीकडे असं दिसलं आहे की या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार बहुधा अंडाशयात नव्हे, तर त्याला लागून असलेल्या बीजवाहक नळीच्या टोकाशी सुरू होतो. त्यामुळे मूळ कल्पनेत दुरुस्ती झाली. पण स्त्रीबीज वारंवार बाहेर पडण्याचा या रोगाशी संबंध आहे, हा मुद्दा टिकून राहिला.

तो किती टिकला, ते 2008 साली आकड्यांत दिसलं. 21 देशांतल्या 45 अभ्यासांची माहिती एकत्र करून, अंडाशयाचा कर्करोग झालेल्या 23 हजारांहून अधिक स्त्रियांची तुलना तो न झालेल्या 87 हजार स्त्रियांशी केली गेली. गोळीच्या वापराच्या दर पाच वर्षांमागे धोका सुमारे 20 टक्क्यांनी कमी होत होता. पंधरा वर्षं वापरणाऱ्यांत तो जवळपास निम्मा झाला होता. गोळी सोडल्यावर हा फायदा हळूहळू ओसरतो, पण तीस वर्षांनीही पुरता संपत नाही. विशीत घेतलेल्या गोळीचा उपयोग पन्नाशीनंतर, म्हणजे हा आजार खरोखर गाठतो त्या वयात होतो. 1960 च्या दशकातल्या गोळ्यांत इस्ट्रोजेन नंतरच्या गोळ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. संरक्षण मात्र दोन्हींत सारखंच आढळलं.

टक्केवारी ऐकायला भारदस्त वाटते, म्हणून माणसांत मोजून पाहू. श्रीमंत देशांतल्या, कधीच गोळी न घेतलेल्या एक हजार स्त्रिया घेतल्या, तर वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत त्यांतल्या बाराजणींना अंडाशयाचा कर्करोग होतो आणि सातजणी त्याने दगावतात. त्याच हजारजणींनी दहा वर्षं गोळी घेतली असती, तर आकडे आठ आणि पाच झाले असते. हजारांत चौघी आजारातून वाचल्या, दोघी मृत्यूतून. भारतात या कर्करोगाचं प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे, त्यामुळे इथे हा आकडा आणखी लहान असणार.

तरीही त्याला मोल आहे, कारण हा आजार लवकर सापडत नाही. पोट फुगल्यासारखं वाटणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं या तक्रारी कोणालाही पित्ताच्या वाटतात. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांवर वर्षानुवर्षं रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा प्रयोग झाला. 2021 च्या निष्कर्षांनुसार त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर शोधण्याची खात्रीची वाट नसलेल्या रोगात टाळण्याची वाट सापडणं ही मोठीच गोष्ट. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातही गोळीचा असाच दीर्घकाळ टिकणारा फायदा दिसला आहे.

मग सगळ्याच बायकांना कर्करोग टाळण्यासाठी गोळी का देत नाहीत? कारण जमाखर्चाला दुसरी बाजूही आहे. डेन्मार्कमधल्या 18 लाख स्त्रियांच्या नोंदींवरून 2017 मध्ये दिसलं की संप्रेरकांची साधनं वापरणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण दरवर्षी लाखामागे साधारण 13 ने वाढतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही पाच वर्षांहून जास्त वापरात वाढतो आणि गोळी सोडल्यावर उतरत जातो. म्हणून केवळ कर्करोग टाळायला सरसकट गोळी सुचवली जात नाही. जिच्या घरात अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास आहे, तिच्याबाबत हा हिशेब डॉक्टर स्वतंत्रपणे मांडतात. जाता जाता एक गोष्ट: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी पाच टक्केच गोळी वापरतात आणि सुमारे 38 टक्के जणींची नसबंदी झालेली असते. नळ्या बांधल्यानेही अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमी होतो, पण ऑपरेशनच्या वेळी हे सहसा कोणी सांगत नाही.

कर्करोगाचा फायदा दूरचा आणि न दिसणारा. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला गोळीचा फायदा मात्र दोन-तीन महिन्यांतच कळतो.

पाळीच्या दिवसांत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या पुढे गेलं की ते वैद्यकीयदृष्ट्या जास्त. घरी कोणी मोजत नाही, पण खुणा आहेत: दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, आठवडा उलटला तरी न थांबणं. ‘आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं’ म्हणून हे सोडून दिलं जातं. दर महिन्याला 100 मिलिलिटर रक्त जाणारी एक स्त्री घेऊ. त्यासोबत साधारण 40 मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे रोजचं जवळपास दीड मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातून शरीर एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शोषू शकतं, आणि त्यातलं एक तर पाळी नसतानाही खर्च होतं. ही तूट बीट आणि खजुरांनी भरून निघत नाही. देशातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे; आहाराइतकाच या हिशेबाचाही विचार व्हायला हवा.

गोळीतलं प्रोजेस्टिन गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ देत नाही. झडायला अस्तरच कमी, म्हणून रक्तस्राव कमी. बऱ्याच जणींत तो निम्म्यावर येतो. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचे महिन्याला 20 मिलिग्रॅम लोह वाचलं. दुखणंही कमी होतं, कारण कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं त्या अस्तरातच बनतात. ‘माला-डी’च्या पाकिटात 21 गोळ्या संप्रेरकांच्या आणि उरलेल्या सात लोहाच्या असतात, ही योजना चांगली आहे. पण त्या सात ‘बिनकामाच्या’ समजून फेकून देणाऱ्या स्त्रियाही आहेत.

अर्थात आधी कारण शोधायला हवं. फायब्रॉइड, थायरॉईड, रक्त न गोठण्याचा आजार यांपैकी काहीही मुळाशी असू शकतं. चाळिशीनंतर नव्याने रक्तस्राव वाढला असेल, तर अस्तराची तपासणी न करता गोळी सुरू करणं म्हणजे खूण पुसून टाकणं. आणि गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणतात ती गोळी वेगळी, संबंधानंतर 72 तासांत घ्यायची तीही वेगळी. इथे सांगितलेले फायदे त्यांतून मिळत नाहीत.

मुरमांचं गणित यकृतात सुटतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं आणि ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. शिवाय अंडाशय शांत असल्याने तिथून येणारी पुरुषी संप्रेरकंही घटतात. त्वचेतल्या तेलग्रंथी मंदावतात आणि मुरमं कमी होतात. पीसीओडी असलेल्या मुलींना पाळी नियमित करण्यासाठी आणि हनुवटीवरच्या केसांसाठी हीच गोळी लिहून देतात ती याच कारणाने. फक्त धीर हवा. पहिल्या महिन्यात मुरमं वाढल्यासारखीही वाटतात; फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणींची मुरमं परततात, कारण मूळ प्रवृत्ती गोळीने बदलत नाही.

गोळी निवडताना रक्ताच्या गुठळीचा विचार करावा लागतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षाला दोघींच्या शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळीने, म्हणजे ‘माला-डी’सारख्या गोळीने, हा आकडा पाच ते सात होतो, मुरमांसाठी लोकप्रिय असलेल्या ड्रोस्पायरेनोनच्या गोळीने नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहून जास्त असतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, डोळ्यांपुढे चमचम होऊन अर्धशिशी उठणारी, रक्तदाब वाढलेली किंवा पूर्वी गुठळी झालेली स्त्री असेल, तर ही गोळी तिच्यासाठी नाही. म्हणून गोळी लिहून देण्याआधी रक्तदाब मोजला गेलाच पाहिजे. धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो आणि गोळी काही महिने सोडून पुन्हा सुरू केली की पुन्हा वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपण कोणती गोळी घेतो ते तिथे आधी सांगावं.