एका कोपऱ्यावर लटकलेली खिडकी

जर्मनीतल्या बहुतेक घरांच्या खिडक्या बाहेर नाही, आत उघडतात. पल्ला एकच, हँडलही एकच, पण त्या हँडलला तीन जागा असतात. हँडल खाली असेल तेव्हा खिडकी बंद. ते आडवं केलं की पल्ला बाजूच्या बिजागरीवर दारासारखा आत येतो. वर केलं तर पल्ल्याचा खालचा भाग चौकटीत घट्ट राहतो आणि वरचा भाग थोडासा आत झुकतो. अशी जोडणी कारखान्यात तयार करून विकण्याचं काम १९३५ साली विल्हेल्म फ्रांक यांनी सुरू केलं आणि पुढे ती जर्मनीत घरोघरी पोचली. सरकत्या काचांच्या किंवा खाली-वर बोल्ट असलेल्या खिडक्यांत वाढलेल्या आपल्या मुलांना तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात या हँडलशी ओळख करून घ्यावी लागते. ती नीट झाली नाही की काय घडतं, त्याची ही गोष्ट.

आखेन शहरात शिकायला गेलेली सांगलीकडची एक मुलगी. तिसऱ्या मजल्यावर भाड्याची लहानशी खोली, फेब्रुवारीचा महिना, बाहेर शून्याच्या आसपास थंडी. तिच्या भाडेकरारात रोज खोली हवेशीर करण्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं आणि ते उगाच लिहिलेलं नव्हतं. वीस अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, शून्य अंशांची हवा जेमतेम ५ ग्रॅम. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवर वाळणारे कपडे हे सगळं पाणी उबदार खोलीत हवेतच राहतं आणि गार भिंतीजवळ गेलं की तिथे ओल धरतं. काही आठवड्यांत कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. म्हणून हिवाळ्यात हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, आतली ओली हवा घालवून बाहेरची कोरडी हवा आत घ्यायची आणि खिडकी पुन्हा लावायची, अशी तिथली रीत आहे. दिवसभर खिडकी नुसती झुकवून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण भिंती गार पडत नाहीत.

त्या सकाळी मुलीने खिडकी सताड उघडली होती. विद्यापीठात जायची वेळ झाली. थोडी फट राहू द्यावी या विचाराने तिने कोपराने पल्ला ढकलला आणि हँडल वर फिरवलं. पण कपड्यांचा स्टँड मध्ये आला होता. पल्ला चौकटीला टेकलाच नव्हता, बोटभर अंतर राहिलं होतं. तिने पल्ला ओढला तर तो वरूनही आला आणि बाजूनेही आला. बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीपासून सुटला आणि अख्खा पल्ला तिरका होऊन खोलीत लोंबला. घाबरून तिने हँडल परत आडवं करायला घेतलं, तर ते जागचं हलेना.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, खिडकी मोडली. मोडलेलं काहीच नव्हतं. पल्ल्याच्या कडेने एक खाच असते, तिच्यात पोलादी पट्टी सरकते. हँडल फिरवलं की ती पट्टी पुढे-मागे होते आणि तिच्यावरच्या लहान खुंट्या चौकटीतल्या खोबण्यांत अडकतात किंवा त्यांतून सुटतात. हँडल वर केलं की दोन कामं एकदम होतात. पल्ल्याचा वरचा भाग त्याला धरणाऱ्या हातापासून मोकळा होतो. कैचीसारखा दिसणारा हा लोखंडी हात चौकटीला जोडलेला असतो. त्याच वेळी खालच्या खुंट्या चौकटीतल्या खोबणीत जातात, म्हणजे खालचा भाग पक्का होतो. पल्ला चौकटीला टेकलेला असेल तरच हे दुसरं काम घडतं. नसेल तर वरचा भाग सुटतो आणि खालचा अडकत नाही. मग पल्ला पेलायला दोनच गोष्टी उरतात, खालची कोपऱ्यातली बिजागरी आणि वरचा तो कैचीचा हात.

त्या पल्ल्याचं वजन किती होतं तेही पाहू. काच एक मिलिमीटर जाड असेल तर चौरस मीटरला अडीच किलो भरते. तिच्या खिडकीला चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा होत्या, म्हणजे चौरस मीटरला वीस किलो. ९० सेंटिमीटर रुंद आणि १३० उंच अशा पल्ल्याची नुसती काच तेवीस किलोच्या आसपास जाते, वर प्लॅस्टिकची चौकट आणि तिच्या आतलं पोलाद. धडधाकट जोडणी एवढं वजन त्या दोन आधारांवर पेलते, पल्ला लगेच खाली कोसळत नाही. मात्र त्याला हिसके दिले तर कैचीचा हात वाकतो, आणि मग खरंच काहीतरी मोडतं.

मुलीने एका हाताने पल्ला धरून ठेवत दुसऱ्या हाताने दार उघडलं आणि जिन्यात हाक दिली. समोरच्या खोलीतल्या आजी बाहेर आल्या. त्या इमारतीत बरीच वर्षं राहिलेल्या आणि दर वसंतात सगळ्या खिडक्या स्वतः पुसणाऱ्या. उंबऱ्यातूनच त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

“हँडलला जोर लावू नका,” त्या म्हणाल्या. “ते अडकलेलं नाही, अडवलेलं आहे.”

“पण फिरतच नाहीये. आणि हे पडलं तर?”

“पडणार नाही. आधी स्टँड बाजूला करा, खाली काही ठेवू नका. आता हँडलच्या वर पल्ल्याच्या कडेला बघा. खुंट्या आहेत त्याच खाचेत एक छोटी पट्टी बाहेर डोकावतेय, जिभेसारखी. दिसली?”

दिसली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, स्प्रिंगवरची. आखेनच्या या गोष्टीत खरी मेख हीच. बऱ्याच खिडक्यांत ही पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पल्ला बंद असताना चौकट तिला आत दाबून ठेवते आणि हँडल मोकळं फिरतं. पल्ला उघडला की ती बाहेर येते आणि हँडल जिथे असेल तिथेच अडवते, म्हणजे उघड्या खिडकीचं हँडल चुकून वर जाऊ नये. मुलीने हँडल वर नेलं तेव्हा पल्ला चौकटीच्या इतका जवळ होता की पट्टी अजून दाबलेलीच होती. पल्ला मागे आला, पट्टी बाहेर आली आणि हँडल चुकीच्या जागी अडकून पडलं. ज्या पट्टीने घोटाळा रोखायचा, तिनेच तो पक्का करून टाकला होता. जुन्या जोडण्यांत ही पट्टी नसते. तिथे पल्ला असाच लटकतो, पण हँडल मात्र फिरतं.

“आता पल्ला चौकटीजवळ आणा,” आजींनी सांगितलं. “हँडलची बाजू वीतभर उघडी राहू द्या, नाहीतर पट्टीपर्यंत बोट जाणार नाही. डाव्या हाताने वरचा कोपरा दाबा. बिजागरीकडचा! हँडलकडचा नाही. अगदी चौकटीला लागेपर्यंत.”

मुलगी स्टुलावर चढली. कोपरा दाबला, तो गेला, पण हात ढिला पडताच परत सुटला. पुन्हा दाबला, या वेळी तळव्याने आणि अंगाचा भार देऊन. वरचा कैचीचा हात पल्ल्याच्या कडेला समांतर येऊन टेकला.

“तसंच धरा. उजव्या अंगठ्याने पट्टी आत दाबा आणि त्याच हाताच्या बोटांनी हँडल आडवं करा. सावकाश. वर नाही, खाली नाही, आडवं.”

हँडल फिरलं. वरच्या कोपऱ्यात खट असा आवाज आला. हाच आवाज हवा होता, कारण कैचीचा हात पल्ल्यात परत अडकल्याची ती खूण. मुलगी लगेच खिडकी लावायला निघाली, पण आजींनी थांबवलं. आधी पल्ला हातभर उघडून वरचा कोपरा बघायला सांगितला. कोपरा चौकटीशी जोडलेला राहतोय का, मध्ये फट दिसतेय का? फट नव्हती. मग पल्ला पूर्ण मिटला, हँडल खाली आलं आणि खिडकी बंद झाली. आजींना आत येऊन हात लावावाच लागला नाही.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी आधी पल्ला टेकवा, तळव्याने दाबून धरा, मगच हँडल फिरवा.” या खिडकीचा नियम यापेक्षा मोठा नाही.

अडकलेलं प्रत्येक हँडल मात्र याच कारणाने अडकलेलं नसतं, आणि लक्षणं थोडी निराळी असली तर उपायही निराळा. खिडकी बंद असूनही हँडल फिरत नसेल, तर पल्ला वजनाने खाली बसला असण्याची शक्यता जास्त. तो बसला की कडेची पट्टी चौकटीच्या योग्य जागी टेकत नाही आणि दाबली जात नाही. हँडलकडची बाजू किंचित वर उचलून हँडल फिरवून पाहावं. फिरलं तर निदान पक्कं झालं. खालच्या बिजागरीत बहुधा ४ मिलिमीटरची षट्कोनी चावी बसते, तिने पल्ला थोडासा वर घेता येतो. अर्धा-पाऊण फेरा फिरवावा, खिडकी लावून पाहावी, मग गरज असेल तर पुढे. हँडल कुठल्याच बाजूला धरत नसून नुसतं गरागरा फिरत असेल, तर त्याचा चौकोनी गज किंवा आतली दातेरी यंत्रणा गेलेली असते. पट्टी दाबूनही हँडल तसूभर हलत नसेल तरी दोष आतल्या यंत्रणेचाच. या दोन्ही वेळी घरी करण्यासारखं काही नाही. हातोडी किंवा पक्कड लावली तर हँडल तुटून हातात येतं आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. कैचीचा हात वाकलेला दिसला किंवा कोपरा दाबूनही खट आवाज आला नाही, तर पल्ला टेकवून ठेवावा, जवळ कुणाला जाऊ देऊ नये आणि इमारतीच्या देखभाल करणाऱ्या माणसाला बोलावावं. वर्षातून एकदा खुंट्यांवर आणि सरकत्या भागांवर आम्लरहित तेलाचे दोन-चार थेंब सोडले तर हँडल हलकं राहतं. स्वयंपाकाचं तेल अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

राहिला पैशांचा प्रश्न. जर्मन भाडेकरारात पुष्कळदा लहान दुरुस्त्यांचं एक कलम असतं. नळ, दिव्याची बटणं, खिडक्या-दारांच्या कड्या अशा रोज हाताळायच्या गोष्टींचा किरकोळ खर्च ते भाडेकरूवर टाकतं, पण तेही करारात लिहिलेल्या रकमेपुरतंच. कलम नसेल किंवा खर्च त्या रकमेच्या वर जात असेल, तर झिजलेली जोडणी बदलणं घरमालकाचं काम. त्यामुळे परदेशी निघालेल्या मुलामुलींना एक सांगणं आहे. खोलीच्या चाव्या हातात घ्याल त्याच दिवशी प्रत्येक खिडकीचं हँडल तिन्ही जागांवर फिरवून पाहा, आणि जे जड जातंय किंवा अडतंय ते ताबा घेतानाच्या कागदावर मालकासमोर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.