दहा टक्के, पण कशाचे?

अप्रेझलच्या पत्रात ‘१० टक्के वाढ’ असे वाचले की बहुतेक जण हातात येणाऱ्या पगाराला १० टक्के जोडतात आणि पुढच्या महिन्याची स्लिप पाहून फसवणूक झाली असे समजतात. मुळात टक्का कोणत्या रकमेवर आहे, हे पत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच असते. ते सोबतच्या पगार-तक्त्यात किंवा त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेत सापडते. समजा बेसिक ३०,००० रुपये, घरभाडे भत्ता १५,००० आणि विशेष भत्ता १५,००० आहे. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १,४४३ रुपये. सीटीसी महिन्याला ६५,०४३ होते आणि कर व व्यवसाय कर सोडता हातात ५६,४०० येतात. आता वाढ फक्त बेसिकवर मिळाली आणि दोन्ही भत्ते तसेच राहिले, तर बेसिक ३३,००० होते. कंपनीचा पीएफ ३६० आणि ग्रॅच्युइटी १४४ रुपयांनी वाढते, म्हणून सीटीसी ३,५०४ रुपयांनी, म्हणजे सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढते. हातात मात्र २,६४० रुपयेच जास्त येतात, कारण कर्मचाऱ्याचा पीएफही ३६० रुपयांनी वाढतो. ही वाढ जेमतेम ४.७ टक्के. पत्रातला दहाचा आकडा तरीही खोटा नाही, तो बेसिकचा आहे. काही कंपन्या पीएफ १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपये, कापतात. तिथे हे ३,००० रुपये पूर्ण हातात पडतात.

यावर कोणी म्हणेल, मग बेसिकवरची वाढ घेऊन फायदा काय, भत्ता वाढवला असता तर बरे. हा दुसरा गैरसमज. पीएफमध्ये गेलेले पैसे कर्मचाऱ्याचेच राहतात, त्यावर व्याजही मिळते. ग्रॅच्युइटी तर शेवटच्या बेसिकवर सगळ्या वर्षांसाठी मोजली जाते: महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षाचे १५ दिवस. दहा वर्षे झालेल्या माणसाची बेसिक ३,००० ने वाढली की मागच्या दहा वर्षांची ग्रॅच्युइटीही सुमारे १७,३०० रुपयांनी वाढते. विशेष भत्त्यातल्या वाढीने सहसा यातले काहीच होत नाही. मात्र साधारण पाच वर्षे न भरताच नोकरी सोडायची असेल, तर सीटीसीत मोजलेली ग्रॅच्युइटी हाती लागत नाही, हेही धरावे.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवी. बेसिक ३,००० ने वाढवून विशेष भत्ता तेवढाच कमी केला असेल, तर ती वाढ नव्हे, नुसती फेरमांडणी. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर हातातला पगार उलट ३६० रुपयांनी घटतो. म्हणून जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून प्रत्येक ओळ तपासावी. पहिल्या महिन्याच्या स्लिपवर मात्र भरवसा ठेवू नये. वाढ एप्रिलपासून लागू होऊन जुलैत मिळाली, तर त्या रकमेत तीन महिन्यांची थकबाकी असते. तुलना ऑगस्टच्या स्लिपशी करावी.