आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक

तालमीच्या वरच्या हॉलमध्ये आठवी ते अकरावीची पोरं जमली की ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, असा माझा नियम आहे. ते भाषण त्यांनी शाळेत ऐकलेलं असतं, घरी तर रोज जेवताना ऐकतात. मी त्यांच्यापुढे सरळ एक प्रकरण ठेवते.

समजा, नववीतला एक मुलगा सहलीच्या बसमध्ये झोपलाय. मान कलंडलेली, तोंड उघडं. शेजारच्यानं फोटो काढला, मागची सीट कापून चेहऱ्याचं स्टिकर बनवलं आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सगळे हसले, तोही हसला. पण पुढच्या आठवड्यापासून त्यानं ग्रुपवर गृहपाठाबद्दल विचारलं तरी उत्तर म्हणून तेच स्टिकर यायला लागलं. मग इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाचं अकाउंट निघालं, डीपीला तोच फोटो, आणि त्यावरून वर्गातल्या मुलींना घाणेरडे मेसेज जाऊ लागले.

चूक कुणाची, असं विचारलं की सगळी बोटं फोटो काढणाऱ्याकडे वळतात. ज्यांनी स्टिकर सेव्ह करून ठेवलं त्यांचं काय, असं विचारलं की वाद सुरू होतो. “ताई, आम्ही फक्त ठेवलं, बनवलं नाही.” हा वाद मी मुद्दाम वाढू देते, कारण खरी मेख तिथेच आहे. फोटो काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं, तरी ते स्टिकर त्याच्या हातात उरलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला साधारण दोन दिवस मिळतात. त्यानं ग्रुपमधला त्याचा मेसेज जातो, पण कुणी तो पुढे ढकलला असेल तर ती प्रत तशीच राहते. कुणी स्टिकर ‘फेवरिट’मध्ये घातलं असेल तर तेही राहतं. आयफोनवर फोटो आपोआप गॅलरीत उतरला असेल, तर मेसेज पुसूनही तो तिथे सापडू शकतो. एकदाच दिसणाऱ्या फोटोवर, म्हणजे ‘व्ह्यू वन्स’वर, मुलांचा फार भरवसा असतो. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही हे खरं, पण दुसऱ्या मोबाइलनं त्या स्क्रीनचा फोटो काढायला कोण अडवणार? पहिल्या रांगेतल्या मुलाला मी ते करूनच दाखवायला लावते.

आता बाजू बदलू. तुम्ही तो बसमधला मुलगा आहात आणि खोटं अकाउंट नुकतंच तुमच्या नजरेस पडलंय. पहिल्यांदा काय कराल? जवळपास सगळे म्हणतात, ब्लॉक. काही जण म्हणतात, सगळे चॅट डिलीट करायचे, म्हणजे डोक्याला त्रास नको. दोन्ही समजण्यासारखं आहे आणि दोन्हींनी नुकसान होतं. चॅट पुसलं की पुरावा गेला. ब्लॉक केलं की समोरच्याचं अकाउंट तुम्हाला नीट दिसेनासं होतं, आणि त्यानं पुढे काय टाकलं तेही कळत नाही.

म्हणून क्रम असा. आधी स्क्रीनशॉट, आणि तेही तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर किंवा युजरनेम दिसेल असे. नुसतं ठळक अक्षरातलं नाव पुरत नाही, कारण ते कुणालाही क्षणात बदलता येतं. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. ज्या मुलींना मेसेज गेले त्यांना मूळ चॅट जपून ठेवायला सांगा, कारण पोलिसांना पुढे मूळ मोबाइलही बघावा लागू शकतो. हे सगळं घरातल्या एका मोठ्या माणसाला दाखवा. त्यानंतर रिपोर्ट, आणि शेवटी ब्लॉक. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ‘ब्लॉक करून चॅट डिलीट करा’ अशी चौकट येते, तिच्यातली खूण काढून टाका. नाहीतर इतका वेळ जपलेलं तिथेच पुसलं जाईल.

शंभर जणांनी रिपोर्ट मारला की अकाउंट उडतं, अशी एक ठाम समजूत मुलांत आहे. तसं होत नाही. कंपनी आकडा बघत नाही, नियम मोडलाय का ते बघते. त्यामुळे ज्याच्या नावानं अकाउंट काढलंय त्यानं स्वतः ‘हा माझं सोंग घेतोय’ हे कारण निवडून केलेला एक रिपोर्ट जास्त कामाचा.

वर्गातल्याच कुणाला ब्लॉक करायची भीती वाटते, त्याला कळलं तर उद्या शाळेत बघून घेईल, असं पुष्कळ जण हळूच सांगतात. त्यांच्यासाठी इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ आहे. त्या व्यक्तीची नवी कमेंट फक्त तिला स्वतःला दिसते, तिचे मेसेज विनंत्यांच्या डब्यात जातात आणि तुम्ही ते वाचलेत की नाही हे तिला समजत नाही. मला ही सोय ब्लॉकपेक्षाही उपयोगी वाटते.

पोलिसांचं काय? नुसतं चिडवणारं स्टिकर घेऊन सहसा चौकीत जायची गरज नसते, ते शाळेनं आणि दोन्ही घरांनी मिटवायचं. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. करणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.

आता एक अपवाद, आणि तो मोठ्यांनीही वाचावा. फोटो कपड्यांविना असेल आणि त्यातली व्यक्ती अठराच्या आतली असेल, तर त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा नाही आणि पुरावा म्हणूनही तो कुणाला पाठवायचा नाही. ‘मामाला दाखवते’ म्हणून आईनं तो फॅमिली ग्रुपवर टाकला, तरी ते प्रसारणच. कलम 67बी खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलीनं तो आपणहून पाठवला होता, ही सबब चालत नाही. अशा वेळी धमकीचे शब्द, युजरनेम, लिंक एवढंच टिपायचं आणि मोबाइल घेऊन थेट पोलिसांकडे जायचं. पैसे किंवा आणखी फोटो मागितले तर काहीही द्यायचं नाही. एकदा दिलं की मागणी वाढते.

असा फोटो पसरण्याआधी अडवायला takeitdown.ncmec.org ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बालसुरक्षा संस्थेची. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा आकडेरूपी ठसा बनतो आणि तेवढाच सामील कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशी जुळणारा फोटो इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांना ओळखता येतो. ती व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटपर्यंत मात्र पोचत नाही, आणि फोटो कापला-रंगवला तर ठसा बदलतो.

बोलणं संपल्यावर चपला घालताना कुणीतरी रेंगाळतंच. “ताई, स्टिकर मीच बनवलं असेल तर?” अजून दोन दिवस झाले नसतील तर सर्वांसाठी डिलीट कर, ज्यांनी सेव्ह केलंय त्यांना एकेकट्याला सांगून काढायला लाव, आणि त्याच्या घरी जाऊन सांग की मी केलं. ग्रुपवर सॉरी लिहू नकोस. त्याच्याखाली पहिलं उत्तर म्हणून पुन्हा तेच स्टिकर येईल.