रविवारी नऊ ते दहा, आवाज कमी

पुण्याच्या एका उपनगरातल्या जिमच्या मॅनेजरला तक्रारी नव्या नव्हत्या. एसी लागत नाही, लॉकरचं कुलूप अडकतं, पार्किंगला जागा नाही, हे सगळं रोज व्हॉट्सॲपवर यायचं. हे पत्र मात्र कागदावर होतं. दीड पान मजकूर आणि सोबत आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला जिमचा नकाशा. प्रत्येक मशीन त्यावर चौकोनाने दाखवलेलं, आणि काही चौकोनांत नावाऐवजी प्रश्नचिन्ह.

लिहिणाऱ्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या, बँकेत नोकरीला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या. हा सल्ला डॉक्टरांच्या पदरचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चालण्या-धावण्याच्या जोडीने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, असं म्हटलं आहे. बाईंनी वर्षाची फी एकदम भरली. तीन महिन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की आपण फक्त ट्रेडमिल आणि सायकल वापरली. बाकीच्या मशिनांना हातही लावलेला नाही. चालायचंच होतं तर सोसायटीचं आवार फुकट होतं!

पत्रात दोन मागण्या होत्या. नवख्यांसाठी आठवड्यात काही तास शांत असावेत, आणि कोणतं मशीन कशासाठी आहे हे चालता चालता कळावं अशी मांडणी असावी. अशी पत्रं बहुधा ‘विचार करू’ या उत्तरावर संपतात. हे टिकलं, कारण बाईंनी दोन आठवडे वही घेऊन मोजमाप केलं होतं.

आधी तासाचं बघू. कोणत्याही जिममध्ये सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ खच्चून गर्दी असते. दुपारी दोनला तिथे पंखे आणि झाडूवाल्या मावशी एवढंच असतं. मॅनेजरच्या मनात आलेलं पहिलं उत्तर तेच होतं: ‘मॅडम, दुपारी या, सगळं तुमचंच आहे.’ पण दुपारचा तास रिकामा असतो, कारण त्या वेळी कोणालाच येता येत नाही. नवखी माणसंही नोकरी करतात, डबे भरतात, मुलांना शाळेत सोडतात. बाईंनी मागितलं ते असं: मंगळवार आणि गुरुवारी सकाळी दहा ते अकरा, म्हणजे घरचं आवरून येणाऱ्यांची सोय, आणि रविवारी सकाळी नऊ ते दहा, म्हणजे नोकरदारांची. दोन्ही वेळा गर्दीच्या बाहेरच्या, पण ओसाड नाहीत.

शांत म्हणजे काय, हेही त्यांनी लिहून दिलं होतं. गाणी हळू. वजनं जमिनीवर आपटायची नाहीत. त्या तासात फ्लोअरवर मोबाईलने व्हिडिओ काढायचे नाहीत. आणि एक ट्रेनर मोकळा ठेवायचा, ज्याला कोणाची पर्सनल ट्रेनिंगची बॅच नाही. यातली तिसरी अट अनेकांना फुटकळ वाटेल, पण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच असते. पाच किलोचं डंबेल उचलताना आपला लाल झालेला चेहरा दुसऱ्याच्या रीलमध्ये मागे दिसणार, या विचाराने माणूस आरशासमोर जातच नाही.

आवाजाच्या मुद्द्यावर बाईंनी फोनवरच्या ॲपने डेसिबल मोजले. स्पीकरखाली आकडा नव्वदच्या आसपास जात होता. फोनचं मोजमाप अदमासाचंच असतं, हे त्यांनी स्वतःच नमूद केलं. तरी त्यावरून निघालेला मुद्दा बिनतोड होता. कामाच्या जागी आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा अमेरिकेची ‘नायोश’ ही संस्था सुचवते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन. सभासद तासाभराने घरी जातो. ट्रेनर मात्र दिवसभर त्याच स्पीकरखाली उभा असतो. पत्र वाचून झाल्यावर मॅनेजरने पहिल्यांदा कोणाला हाक मारली असेल तर ती आपल्या सीनिअर ट्रेनरला. तो दोनदा ‘काय?’ म्हणाला तेव्हा दोघंही हसले.

गोंगाटाचा दुसरा तोटा जास्त व्यवहाराचा आहे. नवख्याला शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं. ढकलताना श्वास सोडा, गुडघा आत झुकतोय, पाठ टेकवा. हे कानाजवळ ओरडून सांगितलं की शिकणारा गडबडतो, ओशाळतो आणि उरलेले सेट सोडून ट्रेडमिलवर परत जातो.

असा शांत तास ही कल्पना काही आजची नाही. ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीने 2018 साली दर शनिवारी सकाळी नऊ ते दहा हा तास स्वमग्न ग्राहकांसाठी ठेवला; दिवे मंद, संगीत बंद. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या प्लॅनेट फिटनेसचं. नवख्यांना बिचकवणारं वातावरण नको म्हणून त्यांनी भिंतीवर भोंगाच लावला. कोणी वजन आपटलं किंवा मोठ्याने हुंकार दिला की तो वाजतो. शांततेसाठी भोंगा वाजवणं ही तऱ्हा जरा अजबच म्हणायची, आणि त्याने ज्याची फजिती व्हायची तोही बहुधा कोणी नवखाच असू शकतो. पुण्यातल्या बाईंनी भोंगा मागितला नाही. कोणाला बाहेर काढा, असंही म्हटलं नाही. त्या तासात कोणीही यावं, फक्त नियम पाळावेत. पत्रातलं हे एक वाक्य नसतं, तर ‘आम्ही पण पैसे भरतो’ म्हणत जुने सभासद दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभे राहिले असते.

खरी रंगत नकाशात होती.

या जिममध्ये मशीनं विकत घेतली त्या क्रमाने लागत गेली होती. छातीच्या मशीनशेजारी पायांचं, त्यापुढे पाठीचं, आणि लेग एक्स्टेन्शन टॉयलेटच्या दाराशी. रोज येणाऱ्याला हे पाठ असतं. नवख्याला प्रत्येक मशीन म्हणजे लोखंडी कोडं. आपल्याकडच्या तालमीत हा प्रश्न कधी उभा राहिला नाही. तिथे मोजकी साधनं, जोर-बैठकांना मोकळी जमीन, आणि नवा पोरगा काय करतो यावर वस्तादाची नजर. जिममध्ये साधनं पन्नास झाली आणि वस्ताद ताशी दराने मिळू लागला.

बाईंनी एका मशीनची हकीकत सविस्तर लिहिली होती. लेग एक्स्टेन्शनवर त्या बसल्या, पिन घातली, पाय उचलला आणि गुडघ्यात कळ आली. पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. पुढे ट्रेनरने दाखवलं की पाठीची फळी दोन घरं पुढे घ्यायला हवी होती. या मशीनचा दांडा ज्या आसाभोवती फिरतो, तो आस आणि आपला गुडघा एका रेषेत यावे लागतात. बऱ्याच मशीनांवर त्या जागी रंगीत ठिपका असतो. इथेही होता, पण घामाच्या नॅपकिनांनी पुसून पुसून फिकट झालेला. ‘हा ठिपका पुन्हा रंगवावा आणि बाजूला लिहावं: गुडघा इथे,’ एवढीच मागणी. चेस्ट प्रेसला ‘मुठी छातीच्या मध्याच्या उंचीला’, लॅट पुलडाऊनला ‘गादी मांडीवर घट्ट’. प्रत्येकी एक ओळ, मराठीत, मोठ्या अक्षरात.

दुसरा घोळ आकड्यांचा. रॅकवर किलोची डंबेल होती आणि जुन्या मालकाकडून आलेली पौंडांचीही. वीस लिहिलेलं एक डंबेल खरोखर वीस किलोचं, तर शेजारचं वीस म्हणजे जेमतेम नऊ किलो. केबलच्या एका मशीनवर वीसच्या घरात पिन घातली तरी हाताला दहाच किलो लागायचे, कारण तिथे ओढ दुहेरी कप्पीतून येते. मशीन बिघडलेलं नव्हतं, पण ते कोणी सांगितलं तरच कळणार. काल इथे वीस ओढले म्हणून आज तिथे वीस लावले, की खांदा धरलाच समजा. उपाय पुन्हा स्वस्त होता: पौंडांच्या डंबेलांना पिवळी पट्टी आणि केबलवर ‘हाताला निम्मं’ अशी चिठ्ठी.

मॅनेजर नकाशा घेऊन फ्लोअरवर फिरला तेव्हा त्याच्या अडचणीही पुढे आल्या. ट्रेडमिल हलवणं सोपं नाही, जाड वायरिंगचे पॉइंट जमिनीत ठरलेले. जड वजनांचा कोपरा हलत नाही, कारण जाड रबर तिथेच अंथरलंय. मोठी मशीनं हलवायची तर चार माणसं आणि एक सुट्टीचा दिवस. मात्र नकाशातल्या एका आकड्याने तो थबकला. शेवटच्या ट्रेडमिलच्या मागे भिंत होती अवघ्या अडीच फुटांवर. मागे दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट मोकळी जागा हवी, असं अशा मशीनच्या मॅन्युअलमध्ये सहसा लिहिलेलं असतं. पट्ट्यावरून पाय सटकला तर माणूस मागे फेकला जातो, आणि भिंत जवळ असेल तर पट्टा आणि भिंतीच्या मध्ये अडकतो. ते ट्रेडमिल त्याच आठवड्यात आडवं फिरवलं गेलं आणि कपड्याला लावायच्या लाल क्लिपची दोरीही बदलली.

सगळ्यात कामाची सूचना सगळ्यात साधी निघाली. एक ते पाच किलोची डंबेल आरशाकडेच्या लांब रॅकच्या पार टोकाला होती. तिथवर जायचं तर बेंचवर झोपलेल्या चार जणांना ओलांडून. बाईंनी मागितला एक छोटा रॅक, दाराजवळ, पायांच्या मशीनशेजारी, आरशापासून दूर. वजनं नवी घ्यायची नव्हती, जागा बदलायची होती.

मॅनेजर अडला तो मोकळ्या ट्रेनरपाशी. ट्रेनरचा पगार बेताचा असतो, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर. तासभर त्याला सगळ्यांचा ट्रेनर करून ठेवायचा, तर त्याची एक बॅच बुडते आणि जिमचाही वाटा जातो. ही गोष्ट तो पत्राच्या उत्तरात सरळ लिहून मोकळा झाला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. चार आठवडे प्रयोग, हजेरी रजिस्टरवर मोजायची, मग ठरवू.

चार आठवड्यांनी रविवारचा तास कायम झाला. मंगळवारही राहिला. गुरुवार मात्र बंद झाला, कारण त्या वेळेला ट्रेनर देता आला नाही. जमिनीवर पाय, छाती, पाठ अशा गटांसाठी चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या तिसऱ्याच आठवड्यात पोछ्याने उखडल्या, म्हणून आता त्या जागी रंग मारला आहे. छोटा रॅक दाराजवळ आला. लेग एक्स्टेन्शन अजून टॉयलेटच्या दाराशीच आहे, पण त्यावरचा ठिपका आता लाल आहे आणि पाठीच्या फळीचं घर बाईंना पाठ आहे: चौथं.