वय सगळ्यांचेच वाढते, उतार मात्र वेगळा

जिना चढताना धाप लागू लागली की पन्नाशीपुढची बरीच माणसे म्हणतात, ‘वय झालं, आता दम लागणारच.’ त्यात घरातला सिगारेट ओढणारा असला, तर दुसरे कुणीतरी म्हणते, ‘वयामुळे नाही, सिगारेटमुळे लागतो.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. वयामुळे फुफ्फुसाची क्षमता कमी होते आणि सिगारेटमुळेही होते. पण ही दोन कारणे एकमेकांच्या शेजारी बसून आपापला वाटा उचलतात असे नाही. वयाचा परिणाम किती वेगाने होणार, हेच सिगारेट ठरवते. संख्याशास्त्रात याला ‘आंतरक्रिया’ म्हणतात. शब्द जड असला तरी कल्पना आलेखावर दोन रेषा काढल्या की समजते.

आलेखासाठी लागणारे माप स्पायरोमेट्रीच्या तपासणीत मिळते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत पूर्ण जोराने फुंकायचे. पहिल्या एका सेकंदात जितकी हवा बाहेर पडते, तो आकडा म्हणजे ‘एफईव्ही-१’. श्वासनळ्या अरुंद झाल्या की हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि हा आकडा घसरतो. साधारण पंचविशीनंतर तो निरोगी माणसातही वर्षाला थोडाथोडा कमी होतच असतो.

आता आडव्या रेषेवर वय आणि उभ्या रेषेवर हा आकडा घ्या. वय हे सलग वाढणारे माप आहे: ४५, ४६, ४७. सिगारेट ओढणे किंवा सोडणे हे मात्र गट आहेत. माणूस या गटात किंवा त्या गटात. प्रत्येक गटाची एक रेषा काढली तर दोन शक्यता उरतात. पहिली, दोन्ही रेषा समांतर उतरतात, एक थोडी वर आणि एक थोडी खाली. म्हणजे सिगारेटमुळे एक ठरावीक नुकसान झाले आणि पुढे दोघांचे वय सारख्याच वेगाने काम करत राहिले. दुसरी शक्यता, रेषा उघडलेल्या कात्रीसारख्या एकमेकींपासून लांब जात राहतात. आंतरक्रिया आहे की नाही, म्हणजेच या दोन रेषांचा उतार वेगळा आहे की नाही.

१९७७ मध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील नोकरदार पुरुषांची अनेक वर्षे पुन्हा पुन्हा तपासणी करून केलेले काम प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते कात्रीचेच चित्र. पुढे अमेरिका आणि कॅनडातील दहा केंद्रांवर ‘लंग हेल्थ स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ३५ ते ६० वयाचे सुमारे ५९०० सिगारेट ओढणारे लोक होते आणि त्यांच्या श्वासनळ्यांत सौम्य अडथळा आधीच सुरू झालेला होता. अकरा वर्षांनी पाहिले तेव्हा, सुरुवातीलाच सिगारेट सोडून ती सोडलेलीच ठेवणाऱ्या पुरुषांचा आकडा वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने उतरत होता. ओढत राहिलेल्या पुरुषांचा उतार वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटर होता, म्हणजे दुपटीहून अधिक.

हे आकडे दोन माणसांवर घालून पाहू. समजा, शंकरराव आणि दिनकरराव दोघेही ४५ वर्षांचे, दोघेही सिगारेट ओढणारे आणि दोघांचाही आकडा ३ लिटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून ही संख्या घेतली आहे. शंकरराव आज सिगारेट सोडतात, दिनकरराव सोडत नाहीत. वर्षभरात दोघांमध्ये फरक पडतो अवघ्या ३६ मिलिलिटरचा, म्हणजे साधारण सात चमचे औषधाइतका. कुणाला जाणवणारही नाही. ५५ व्या वर्षी शंकररावांचे २.७० लिटर आणि दिनकररावांचे २.३४ लिटर. ६५ व्या वर्षी २.४० आणि १.६८. पंच्याहत्तरीत शंकररावांकडे २.१० लिटर असतील, तर दिनकररावांकडे साधारण १ लिटर. दोन लिटरवाला माणूस सकाळी फिरून येतो. एक लिटरवर आलेल्या माणसाला बऱ्याचदा अंघोळ करून कपडे घालतानाही मध्ये बसावे लागते.

आता एखाद्याने या दोघांसारख्या ४५ ते ६५ वयाच्या अनेकांची पाहणी केली आणि उताराकडे न बघता एकच वाक्य लिहिले: ‘सिगारेट ओढणाऱ्यांची क्षमता सरासरी ३६० मिलिलिटरने कमी.’ आकडा चुकीचा नाही, पण तो फक्त पंचावन्नाव्या वर्षी लागू पडतो. पंचेचाळिशीत फरक शून्य आहे आणि पासष्टीत तो ७२० आहे. ‘सिगारेटमुळे किती नुकसान’ या प्रश्नाला ‘कोणत्या वयात?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच नाही. रेषा समांतर नसल्या की एकच सरासरी आकडा तरुणाला जास्त घाबरवतो आणि म्हाताऱ्याचे नुकसान कमी दाखवतो.

असे विश्लेषण करताना एक गमतीशीर पण धोक्याचा खड्डा आहे. संगणकाला वय, गट आणि दोघांचा गुणाकार असे तीन घटक दिले की तो प्रत्येकासाठी एक आकडा देतो. यातला गटासमोरचा आकडा म्हणजे ‘सिगारेटचा परिणाम’ असे नवखा अभ्यासक समजतो. प्रत्यक्षात तो असतो वय शून्य असतानाचा फरक. वरच्या उदाहरणातल्या दोन्ही रेषा मागे, जन्मापर्यंत ताणून पाहा. शंकररावांची रेषा ४.३५ लिटरवर पोचते आणि दिनकररावांची ५.९७ लिटरवर. म्हणजे संगणक सांगणार की सिगारेट ओढणाऱ्यांची क्षमता १.६२ लिटरने जास्त! कोणतेही नवजात बाळ सहा लिटर हवा फुंकत नाही आणि सिगारेटही ओढत नाही. गणित बरोबर आहे, प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला आहे. उपाय साधा आहे: प्रत्येकाच्या वयातून आधी ४५ वजा करायचे. मग तोच आकडा पंचेचाळिशीतला फरक सांगतो. उतारातला फरक, वर्षाला ३६ मिलिलिटर, दोन्ही पद्धतींत तसाच राहतो. म्हणून आंतरक्रिया असलेल्या अभ्यासात गटाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो कोणत्या वयाचा आहे हे पाहायचे आणि उतारासोबत वाचायचा.

इथे एक रास्त शंका येते. सिगारेट सोडणारी माणसे मुळातच अधिक काळजी घेणारी असतील आणि म्हणून त्यांचा उतार कमी असेल, असे का म्हणू नये? या अभ्यासात लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले होते. काही गटांना सिगारेट सोडण्यासाठी भरपूर मदत दिली गेली, एकाला नेहमीच्याच उपचारांवर ठेवले. मदत मिळालेल्यांपैकी सगळ्यांनी काही सिगारेट सोडली नाही. तरीही पाच वर्षांनी त्यांची एकूण घसरण नेहमीच्या उपचारांतल्या गटापेक्षा कमी होती. वाटणी नशिबाने झालेली असल्यामुळे हा फरक केवळ स्वभावाचा म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, ६६ हा गटाचा सरासरी उतार आहे. या लोकांच्या श्वासनळ्या आधीच थोड्या अरुंद होत्या. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाचा उतार इतकाच असेल असे नाही. फ्लेचर आणि पेटो यांनाही काही जणांचा आकडा जवळजवळ निरोगी माणसासारखाच उतरताना दिसला होता. शेजारचे काका सत्तरीतही सिगारेट ओढून ठणठणीत आहेत, ते याच मंडळींपैकी असतात. आपण त्यांच्यासारखे आहोत की दिनकररावांसारखे, हे एका तपासणीवरून कळत नाही.

कारण एक तपासणी म्हणजे रेषेवरचा एकच बिंदू, आणि एका बिंदूला उतार नसतो. पंचेचाळिशीत दिनकररावांचा रिपोर्ट शंकररावांइतकाच चांगला आला होता. ‘रिपोर्ट ठीक आहे, मग कशाला सोडू?’ हा निष्कर्ष इथेच फसतो. दोन बिंदूंवरही लगेच विसंबता येत नाही. स्पायरोमेट्रीत माणसाला किमान तीनदा नीट फुंकायला लावतात आणि सर्वांत चांगल्या दोन प्रयत्नांमध्ये १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. तपासणीतच इतका फरक चालतो, तर वर्षाकाठी पडणारा ३६ मिलिलिटरचा फरक एका माणसात वर्षभरात कसा दिसणार? हजारो लोकांच्या सरासरीत तो दिसतो. एकट्या माणसात दिसायला काही वर्षे जावी लागतात.

म्हणून ज्यांची ही तपासणी झाली आहे, त्यांनी जुने रिपोर्ट फाइलला लावून ठेवावेत आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावेत. तपासणीत श्वासनळ्या उघडणारे औषध देण्याआधीचा आकडा आणि दिल्यानंतरचा आकडा असे दोन रकाने असतात. तुलना करताना आधीचा आधीच्याशी आणि नंतरचा नंतरच्याशी ताडावा. सर्दी-खोकला किंवा छातीतला संसर्ग असताना घेतलेला आकडा तुलनेला धरू नये. ‘नॉर्मल’ या शब्दाखाली रेघ मारण्यापेक्षा मागच्या तीन-चार तपासण्यांचे लिटरमधले आकडे एकाखाली एक लिहिले, तर बरेच काही कळते.

आणि ज्यांना वाटते की आता उशीर झाला, त्यांच्यासाठी दिनकररावांचाच हिशेब पुढे नेता येतो. गेलेली क्षमता सिगारेट सोडल्याने परत मिळत नाही. पहिल्या वर्षात थोडी सुधारणा दिसते, इतकेच. बदलतो तो उतार. त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी सोडली आणि पुढे ३० चा उतार लागला, तर पंच्याहत्तरीत त्यांच्याकडे १.७४ लिटर असतील. पासष्टीत सोडली तर १.३८. कधीच सोडली नाही तर १.०२.