गिरगोट्या जाव्यात, रंग राहावा

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती मेणाचे खडू पडले की हॉलची भिंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत त्याच्या मालकीची होते. ते पाहिल्यावर घरातल्या मोठ्यांचा हात पहिल्यांदा ओल्या फडक्याकडे जातो, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. क्रेयॉन म्हणजे पॅराफिन मेणात कालवलेला रंग. मेण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने कितीही घासलं तरी रेघ हलत नाही, पण तिच्याखालचा भिंतीचा रंग मात्र उतरू लागतो.

म्हणून आधी भिंतीवर कोणता रंग आहे ते पाहावं. कपाटामागे किंवा दाराआड, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे पांढरं ओलं फडकं हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. फडक्याला भिंतीचा रंग लागला, तर ती डिस्टेंपरची किंवा चुन्याची भिंत. ती धुवायची नाही. फडकं पांढरंच राहिलं तर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट असणार, आणि मग काम बरंच सोपं. मात्र इमल्शन नुकतंच मारलेलं असेल तर महिनाभर थांबा, कारण वरून सुकलेला रंग आतून पक्का व्हायला तितका वेळ घेतो.

समजा, भिंत फिक्या क्रीम रंगाच्या इमल्शनची आहे आणि तिच्यावर लाल-निळ्या क्रेयॉनच्या जाड रेघा आहेत. जिथे मेणाचा थर साचलाय तिथे जुन्या एटीएम कार्डाची कड जवळजवळ आडवी धरून तो अलगद खरवडा. सुरी किंवा ब्लेड वापरू नका. मग हेअर ड्रायर मध्यम आचेवर, भिंतीपासून वीतभर लांब धरून एका छोट्या तुकड्यावर काही सेकंदच फिरवा. मेण चकाकू लागलं की ते मऊ झालं. लगेच कागदी नॅपकिन दाबून ते टिपून घ्या, आणि दर वेळी नॅपकिनची कोरी बाजू वापरा. इथे पुसायचं नाही, टिपायचं. पुसलं तर लाल रेघेचा गुलाबी ढग होतो. ड्रायर जास्त वेळ धरला तर मेण पातळ होऊन रंगात मुरतं, आणि मग ते काढणं जवळपास अशक्य. मूल या वेळी दुसऱ्या खोलीत असलेलं बरं.

एवढ्याने बरंचसं मेण निघतं, मागे फिकट छटा राहते. तिच्यासाठी वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ पांढरं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि रेघेच्या दिशेने फिरवा. तरीही छटा उरली, तर त्याच फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या. सोड्याचे कण बारीक घासकाम करतात, म्हणून जोर बोटांच्या टोकांचाच हवा. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पुसून भिंत कोरडी करा, कारण साबण राहिला की तिथे धूळ धरते. स्विचबोर्डाच्या आसपास मात्र ओलं फडकं नेऊ नका.

कधी थांबायचं हे कळणं महत्त्वाचं. फडक्यावर क्रीम रंग दिसू लागला की थांबा. दुसरी खूण म्हणजे चमक. मॅट रंगाची भिंत फार घासली की तिथे गुळगुळीत, चकचकीत डाग पडतो, आणि बाजूने बॅटरीचा उजेड टाकला की तो लगेच दिसतो. पांढऱ्या ‘मॅजिक’ स्पंजाने हेच होतं, कारण तो मुळात अतिशय बारीक पॉलिशपेपरच. मॅट रंगावर तो चालत नाही. टूथपेस्टचं तेच. खोबरेल तेलाने मेण सुटतं खरं, पण मॅट भिंत तेल पिते आणि रेघेच्या जागी तेलकट डाग येतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर इमल्शनच विरघळवतात, त्यांना हात लावू नये.

डिस्टेंपरच्या भिंतीवर खरवडणं आणि ड्रायरने टिपणं, एवढंच करावं. उरलेल्या छटेवर नवा हात मारणं हाच उपाय आहे, पण त्याआधी मेण शक्य तितकं काढून प्रायमर लावून घ्या. मेणावर पाण्यातला रंग धरत नाही, आणि गडद रेघ वर डोकावत राहते. तुकड्यापुरता रंग मारलात तर जुन्या-नव्यातला फरक दिसणारच, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी.

रंगारी काम संपवून निघताना उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्या आणि डब्यावर शेडचा नंबर लिहून ठेवा.