स्ट्रीमरची फिरकी आणि हिरवी तलवार

ट्विचवर गेम खेळणाऱ्याची टर उडवणे हा प्रेक्षकांचा आवडता उद्योग आहे. पडद्याशेजारी चॅटचा रकाना सतत वाहत असतो आणि स्ट्रीमर चुकला की तो क्षणात भरून जातो. नॉर्दर्नलायन या कॅनडाच्या स्ट्रीमरच्या चॅटमध्ये तर गुण देण्याचीच प्रथा आहे. विनोद जमला तर +2, फसला तर -2. तोही या निकालावर हुज्जत घालतो, आणि बरेचदा ती हुज्जतच मूळ विनोदापेक्षा रंगते. या थट्टेचा रोख माणसावर नसतो, त्याने आत्ताच सगळ्यांसमोर केलेल्या गोष्टीवर असतो.

मॉडरेटरही हाच निकष लावतो. तो बहुधा बिनपगारी, जुना प्रेक्षक असतो आणि नावाशेजारच्या हिरव्या तलवारीवरून ओळखू येतो. समजा, स्ट्रीमर ‘एल्डन रिंग’मधल्या मलेनियाशी लढतो आहे. तिचा प्रत्येक वार लागला की तिचीच ताकद भरून येते. तो पुन्हा हरतो आणि कोणी लिहितो, ‘तिचा दवाखाना तूच चालवतोस का?’ स्ट्रीमर हे मोठ्याने वाचून हसतो. पुढचा जण त्याच्या वजनावर घसरतो. मॉडरेटर तो संदेश गुपचूप पुसतो आणि स्ट्रीमर त्याचा उल्लेखही करत नाही. मोठ्याने वाचलेला टोमणा बाकीच्यांसाठी नमुना ठरतो, म्हणून काय वाचायचे यावर यजमानाची अर्धी सत्ता असते. त्याच माणसाने पुन्हा तेच केले तर /timeout देऊन त्याला ६०० सेकंद गप्प बसवले जाते. तरीही सुधारला नाही तर कायमची बंदी.

थट्टा आंबू लागल्याचे पहिले लक्षण शिव्यांत दिसत नाही, यजमानाच्या उत्तरांत दिसते. विनोद थांबतो आणि तो खुलासे देऊ लागतो. अशा वेळी मुरलेला मॉडरेटर स्वतःच विषय बदलणारा प्रश्न टाकतो. तेवढ्याने भागले नाही तर /slow 30 लावतो, म्हणजे प्रत्येकाला तीस सेकंदांत एकच संदेश पाठवता येतो. /emoteonly लावले तर फक्त चित्रखुणा उरतात. LUL या हसऱ्या चेहऱ्याने खिल्ली उडवता येते, पण घाव घालणे अवघड जाते.

२०१६ पासून ट्विचवर ऑटोमॉड ही स्वयंचलित चाळणी आहे. ती संशयास्पद संदेश अडवून मॉडरेटरपुढे ठेवते. मात्र उपरोध तिच्या आवाक्याबाहेरचा. दोस्तीतली शिवी अडकते आणि गोड शब्दांतला विखारी टोमणा सुटतो, म्हणून शेवटचा निवाडा माणसालाच करावा लागतो.

२०२१ मध्ये बनावट खात्यांच्या झुंडींनी अनेक चॅटमध्ये द्वेषाचा मारा केला. तिथे फिरकीचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी आलेल्या शील्ड मोडमुळे सगळी कडक बंधने एकाच बटणाने लागू करता येतात. रोजच्या टवाळीसाठी मात्र तो उपाय फारच जड आहे; तो लावला की नेहमीच्या प्रेक्षकांचीही तोंडे बंद होऊ शकतात.